सल्ला हवा: उंच छतामुळे ऑफिसच्या वायफायची रेंज गेली, एपी कुठे बसवू?

उंचछत: नव्या जागेत आलोय. फॉल्स सीलिंग नाही, स्लॅब ५.२ मीटरवर, खाली एसीचे डक्ट मोकळे दिसतात. गोल चकतीसारखे तीन एपी स्लॅबला लावलेत, अँटेना आतच आहेत. जुन्या ऑफिसात हेच एपी २.७ मीटरवर उत्तम चालायचे. इथे एपीच्या बरोबर खाली ठीक, पण दोन मीटर बाजूच्या टेबलांवर कॉल तुटतात. नवीन खरेदी करायची नाही. फक्त जागा बदलून काय होईल?

मेशवाला: तिन्ही काढा आणि मेश किट घ्या. मी घेतलं, दोन वर्षांत एकदाही हात लावला नाही.

उंचछत: खरेदी नाही म्हटलंय. शिवाय प्रत्येक एपीपर्यंत केबल आहे, मेश कशाला?

कांडीबहाद्दर: दोन अँटेना उभ्या, दोन आडव्या करा. लॅपटॉप कसाही धरला तरी पकडतो. आमच्याकडे फरक पडला.

तारजोड्या: कांडीबहाद्दर, बाहेर कांड्या असतील तरच हे शक्य आहे, यांच्या अँटेना आत आहेत. आणि कांडीची लहर तिच्या चहूबाजूंना पसरते, टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही. आडवी कांडी ज्या टेबलाकडे टोक करून असेल, तिथे कमकुवतच पडणार.

उंचछत, उंचीने नुकसान होतंच. टेबल ०.८ मीटरवर धरलं तर जुन्या जागी एपी डोक्यावर १.९ मीटर होता, आता ४.४ आहे. एवढ्याने बरोबर खालच्या टेबलावर साधारण ७ डीबी कमी होतात. पण तिथे तर तुमचं ठीक चाललंय आणि बाजूला तुटतंय. म्हणजे मला डक्टचा संशय येतो. शिडीवर चढा, डोळा एपीपाशी न्या आणि खाली बघा. जी टेबलं डक्टमुळे दिसत नाहीत, त्यांची यादी करा.

जोरलाव: एवढा खटाटोप कशाला? सेटिंगमध्ये पॉवर हाय करा, झालं.

तारजोड्या: त्याने लॅपटॉपला एपी मोठ्याने ऐकू येईल, पण लॅपटॉपचा आवाज वाढणार नाही. दांड्या भरलेल्या दिसतील आणि कॉल तरीही तुटतील. शिवाय छताजवळ तिन्ही एपींमध्ये अडथळा नाही. एकाच चॅनलवर असतील तर एकमेकांचं ऐकून थांबत बसतील.

घरचावायफाय: आमच्या बेडरूममध्येही रेंज येत नाही. राउटर टीव्हीमागे आहे, तेच कारण असेल का?

मेशवाला: म्हणूनच मेश.

उंचछत: शिडीवर चढून पाहिलं. दोन नंबरच्या एपीपासून ४० सेंटीमीटरवर डक्टची कड आहे, तीही एपीच्या एक मीटर खाली. त्या बाजूला पावणेदोन मीटरपलीकडचं एकही टेबल दिसत नाही. तक्रारी नेमक्या तिथल्याच! लॅपटॉपवर हे चालवलं:

```
netsh wlan show interfaces
```

बरोबर खाली Signal ७८%, डक्टपलीकडे ५६%.

तारजोड्या: विंडोजमध्ये १००% म्हणजे उणे ५० डीबीएम, पुढे दर टक्क्याला अर्धा डीबी. म्हणजे तुमचे ५६ टक्के उणे ७२ झाले. कॉलसाठी उणे ६७ च्या वर, म्हणजे ६६ टक्के तरी हवेत. स्लॅबमधून पाइप सोडा आणि एपी डक्टच्या खाली, तीन-साडेतीन मीटरवर आणा. चकतीचं तोंड जमिनीकडेच ठेवा.

भिंतपसंत: पाइप हलतो. भिंतीवर उभा ठोका. आमचे सगळे तसेच आहेत, काही बिघडलं नाही.

तारजोड्या: छताचा एपी भिंतीवर उभा केला की पसरटपणाही उभा होतो. बराचसा सिग्नल वरच्या-खालच्या मजल्यावर जातो. भिंतीसाठी वेगळे एपी येतात.

जोरलाव: पाइप सोडा. मीही तेच म्हणणार होतो.

उंचछत: स्लॅबला भोक पाडायला जागामालक तयार नाही. म्हणून कॉलमला एल ब्रॅकेट लावून त्यावर चकती आडवी, तोंड खाली, ३.३ मीटरवर बसवतोय.

तारजोड्या: कॉलमच्या पाठीमागे सावली पडेल. काँक्रीट आहे, आत सळ्या आहेत. ब्रॅकेट लांब घ्या. मी तरी हे केलं नसतं.

उंचछत: दोन नंबरचा केला, ब्रॅकेट ४५ सेंटीमीटर लांब. `netsh` च्या वेळी BSSID तोच आहे ना, हे बघत मोजलं, नाहीतर लॅपटॉप शेजारच्या एपीवर गेलेला असायचा. डक्टपलीकडची टेबलं ५६ वरून ७४ टक्क्यांवर आली, कॉल सुटत नाहीत. कॉलममागच्या दोन टेबलांना मात्र ६२ च मिळतात, आधी ७० होते. तिथे बसणाऱ्या दोघी आजच विचारून गेल्या. तीन नंबरच्या एपीला डक्ट आड येत नाही, तो स्लॅबलाच ठेवतोय. एक नंबर शनिवारी.

घरचावायफाय: राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवला. आता बेडरूममध्ये येतंय.