‘बांधकामकालीन व्याज’ की ‘महसूलपूर्व व्याज’?

रावेरकर
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रकल्प अहवाल मराठीत करतोय. केळीचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज. उभारणीला दोन वर्षं लागणार आणि तोवर एक रुपयाही आत यायचा नाही. या काळात कर्जावर जे व्याज चढतं, त्याची ओळ खर्चाच्या तक्त्यात लिहायची आहे. सीए साहेब ‘आयडीसी’ म्हणतात. सभासदांपुढे अहवाल वाचायचा असल्याने मी ‘महसूलपूर्व व्याज’ लिहिलं. एका संचालकांनी ‘बांधकामकालीन व्याज’ सुचवलं. कोणता शब्द ठेवू?

सावद्याचा बागायतदार
भो, शब्दाचं कशाला डोकं खाता? केळीची लागवड केली की रोपं, ठिबक, खत, मजुरी यांत वर्षभर पैसा घालतच राहतो आपण. घड कापला की मग पैसा. त्याला आपण ‘लागवड खर्च’ म्हणतो. तेच लिहा.

जुना बँकवाला
बागायतदार भाऊ, उपमा छान आहे, पण ती तुमच्याच शब्दावर उलटते. मृगबागेत निसवण झाली म्हणून लगेच पैसा येतो का? घड बाहेर पडल्यावर तो भरून कापणीला यायला आणखी काही महिने जातात. प्रकल्पातही हे दोन दिवस वेगळे असतात. यंत्रणा चालवण्याजोगी झाली तो एक दिवस आणि पहिलं बिल फाटलं तो दुसरा. व्याज मालमत्तेच्या किमतीत धरायचं ते पहिल्या दिवसापर्यंतच. त्यानंतर गिऱ्हाईक आलं नाही, हंगाम सुरू झाला नाही, तरी ते व्याज चालू वर्षाचा खर्च, म्हणजे सरळ तोट्यात. म्हणून ‘महसूलपूर्व’ चुकीचा. तो शब्द वाचणारा पहिल्या विक्रीपर्यंतचं सगळं व्याज इमारतीच्या किमतीत ढकलेल. मालमत्तेची किंमत फुगेल आणि तोटा दिसणार नाही. ‘बांधकामकालीन’ ठेवा.

यावलची सून
माझा प्रश्न यातच बसतो का बघा. आम्ही जळगावात घर बांधतोय. बँक सध्या फक्त व्याज घेते, हप्ता अजून सुरू नाही. हेही बांधकामकालीन व्याजच ना? मग ते घराच्या किमतीत धरायचं का?

जुना बँकवाला
ताई, नाव सारखं असलं तरी नियम वेगळा. राहत्या घराचं बांधकाम पूर्ण होण्याआधीच्या व्याजाला जुन्या करप्रणालीत बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत वजावट मिळते, तीही वर्षाच्या दोन लाखांच्या एकूण मर्यादेत. तुमच्या सीएंना दाखवा. कारखान्याचा हिशेब इथे लावू नका.

धुळ्याचा पोऱ्या
मला वाटतं ‘व्याजमाफीचा काळ’ म्हणावं. बँकच सांगते ना, दोन वर्षं मोरॅटोरियम, काही भरायचं नाही.

जुना बँकवाला
या शब्दाने आमच्याकडे किती भांडणं लावली, विचारू नका! मोरॅटोरियम म्हणजे मुद्दलाचा हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते एकतर महिन्याला भरायचं, नाहीतर मुद्दलात मिळवलं जातं. ‘हप्ते-स्थगिती’ म्हणा हवं तर. ‘माफी’ म्हणालात तर दोन वर्षांनी खात्यावरची बाकी बघून सभासद तुमच्याच दारात उभे राहतील.

रावेरकर
मग आकडा कसा काढायचा तेही सांगा ना काका. आमचा उभारणी खर्च सहा कोटी. पहिल्या वर्षी सपाटीकरण, पाया आणि शेड मिळून दोन कोटी, दुसऱ्या वर्षी कूलिंगची यंत्रं आणि पॅनल मिळून चार कोटी. सभासदांचा वाटा दोन कोटी, कर्ज चार कोटी. व्याज १० टक्के धरा. मी सरळ चार कोटींवर दोन वर्षांचं व्याज धरलं. पहिल्या वर्षाचे ४० लाख, ते मिळवून दुसऱ्या वर्षाचे ४४, एकूण ८४ लाख.

जुना बँकवाला
हे ८४ लाख तेव्हाच, जेव्हा चारही कोटी पहिल्याच दिवशी उचलता. तसं कोणी उचलत नाही आणि बँकही देत नाही. बँक टप्प्याटप्प्याने सोडते, काम बघून. त्यातही बँका बहुधा सांगतात, आधी तुमचा वाटा टाका. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षाचे दोन कोटी सभासदांचे, म्हणजे व्याज शून्य. दुसऱ्या वर्षी चार कोटी वर्षभर सारखे उचलले, तर सरासरी बाकी दोन कोटी, व्याज २० लाख.

आता वाटा आणि कर्ज दोन्ही वर्षी एकास दोन या प्रमाणात घातलं तर? पहिल्या वर्षी कर्ज एक कोटी ३३ लाख, सरासरी बाकी त्याच्या निम्मी, व्याज पावणेसात लाखांच्या आसपास. ते मिळून बाकी एक कोटी ४० लाख. दुसऱ्या वर्षी त्या पूर्ण रकमेवर, अधिक नव्याने उचललेल्या दोन कोटी ६७ लाखांच्या निम्म्यावर व्याज, म्हणजे सव्वासत्तावीस लाखांवर थोडं. एकूण ३४ लाख. प्रकल्प तोच, दर तोच, पैसे घालायचा क्रम बदलला की २०, ३४ किंवा ८४. मी वर्षाच्या शेवटी व्याज मिळवलं आहे. बँक महिन्याला लावते, म्हणून खरा आकडा थोडा हलेल.

तालुक्याचा इंजिनियर
काकांच्या हिशेबात एक भर. हे व्याजही कर्जातूनच भरायचं असेल तर कर्जाची गरज चार कोटींवर थांबत नाही, सव्वाचार कोटींकडे जाते. व्याज वाढलं की कर्ज वाढतं, कर्ज वाढलं की पुन्हा व्याज. एक्सेलमध्ये हे नीट मांडलं नाही तर फाईल गोल गोल फिरते आणि चूक झाल्याचा इशारा देते. मी व्याज वेगळ्या ओळीत ठेवून हाताने आकडा टाकतो, फरक रुपयांवर येईपर्यंत दोन-तीनदा फिरवतो.

आणि उशीर. तुमचे २० लाख मिळून बाकी ४ कोटी २० लाख झाली आणि काम सहा महिने लांबलं, तर नुसतं त्या सहा महिन्यांचं व्याज २१ लाख. म्हणजे दोन वर्षांत जेवढं चढलं त्यापेक्षा जास्त. सुरुवातीचा उशीर स्वस्त असतो, कारण पैसा अजून बाहेर पडलेला नसतो. शेवटचा महाग.

रावेरकर
नेमकं तिथेच भीती आहे. शेजारच्या एका युनिटची यंत्रं बसली, ट्रायल जनरेटरवर झाली, पण वीजजोडणी पाच महिने आली नाही. त्यांचा ‘तयार’ दिवस कोणता?

जुना बँकवाला
माझ्या मते जोडणीशिवाय कोल्ड स्टोरेज चालणारच नाही, म्हणून तयार नाही. ते व्याज मालमत्तेत जाईल.

तालुक्याचा इंजिनियर
मी वेगळं म्हणेन. जनरेटरवर थंडी धरली, तापमान नोंदवलं, म्हणजे यंत्रणा तयार झाली. वीज महाग पडली हा धंद्याचा प्रश्न. त्यांच्या लेखापरीक्षकांनीही हेच धरलं होतं.

जुना बँकवाला
एक दिवसाची ट्रायल म्हणजे व्यापारी वापर नव्हे हो. माल भरून हंगामभर जनरेटर परवडेल का?

सावद्याचा बागायतदार
आमच्याकडे निसवण झाल्यावर वारं आलं आणि झाडं आडवी झाली, तर तेही ‘तयार’च धरता का काका? 😄

रावेरकर
वाऱ्याचं राहू द्या. ओळ ‘बांधकामकालीन व्याज’ अशी लिहिली, २० लाख. खाली ‘यंत्रणा चालवण्याजोगी झाल्याच्या तारखेपर्यंत’ हे शब्द घातले. जोडणीची तारीख मात्र सीए साहेबांना विचारूनच टाकीन. उद्या सोमवार आहे, फैजपूरला जाणारच आहे.