मदत हवी आहे: खांबाआड गेलेल्या सायकलस्वाराचं लेबल खांबालाच चिकटतंय

आफ्टर इफेक्ट्समध्ये एका शॉटवर अडकलोय. सायकलस्वार डावीकडून उजवीकडे जातो, त्याच्या डोक्यावर नावाचं लेबल चालत राहायला हवं. शॉट 8 सेकंदांचा, सेकंदाला 25 फ्रेम्सचा, म्हणजे एकूण 200 फ्रेम्स. `Track Motion` लावून हेल्मेटवरचा पांढरा ठिपका पकडला, ट्रॅक नल ऑब्जेक्टला दिला आणि टेक्स्ट लेयर त्या नलला पेरेंट केला. इथवर झकास.

96 व्या फ्रेमला तो विजेच्या खांबाआड जातो. ट्रॅकर खांबाची कडा धरून तिथेच बसतो, स्वार पुढे निघून जातो! सर्च रीजन मोठा केला तर आणखी लवकर घसरतो, कारण शोधायला खांबच जास्त मिळतो.

सध्या 94 ते 104 मधल्या कीफ्रेम्स काढून टाकल्या आणि 105 पासून ठिपका पुन्हा पकडून पुढचा ट्रॅक केला. मधली रेघ सरळ जाते. पण स्वार पॅडल मारताना वरखाली होतो, त्यामुळे तेवढ्यात लेबल तरंगल्यासारखं दिसतं.

शिवाय बारीक थरथर आहेच. ती घालवायला नलच्या `Position` वर हे टाकलं:

```
smooth(0.2, 5)
```

थरथर गेली, पण शेवटी तो झटकन वळतो तिथे लेबल कोपरा कापून जातं.

खांबाआडचा भाग तुम्ही हाताने भरता की खांद्यावरचा दुसरा बिंदू ट्रॅक करून जोडता? आणि स्मूदिंग फक्त वळणापुरतं बंद कसं करायचं?