मदत हवी आहे: परदेशी ग्राहकाच्या ईमेलमध्ये रक्कम आणि तारीख कशी लिहावी, म्हणजे दुसरा अर्थ निघणार नाही?

हिंगणावाली: नमस्कार. हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्याचा निर्यातीचा पत्रव्यवहार मी पाहते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील एका खरेदीदाराला पाठवलेल्या दरपत्रकात मी ही ओळ लिहिली होती.

```
Total Rs. 18,50,000. Dispatch by 05/06/2025.
```

मला अठरा लाख पन्नास हजार रुपये आणि ५ जून म्हणायचे होते. मधल्या गटात दोनच अंक दिसल्यामुळे एखादा अंक गळाला असावा असे खरेदीदाराला वाटले आणि रक्कम १.८५ मिलियन की १८.५ मिलियन, असे त्याने विचारले. तारखेबद्दल मात्र त्याने काहीच विचारले नाही. ती ६ मे आहे असे धरून त्याने गोदामात जागाही सांगून ठेवली. यापुढे असे होऊ नये म्हणून कोणती पद्धत ठेवावी?

रामदासपेठकर: रक्कम अक्षरी लिहा, प्रश्न संपला. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ नुसार अंक आणि अक्षरे यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरली जाते.

जुना_निर्यातदार: अक्षरी लिहावे हे खरे, पण ते कलम धनादेश, हुंडी यांसारख्या संलेखांसाठी आहे, दरपत्रकाच्या ईमेलसाठी नाही. शिवाय अक्षरांत "eighteen lakh" लिहिले तर परदेशी वाचक पुन्हा तिथेच अडकतो. हिंगणावाली, तुमच्या ओळीत खरा धोका रकमेचा नव्हताच. ती विचित्र दिसली म्हणून निदान विचारणा तरी झाली. तारीख दोन्हीकडे निर्दोष दिसत होती, म्हणून चूक निसटली. दिवस १२ किंवा त्याहून कमी असला की हे होते. तुम्ही 19/06/2025 लिहिले असते तर एकोणिसावा महिना नसतो हे त्याच्या लगेच लक्षात आले असते. मी हीच ओळ अशी लिहिली असती:

```
Total: INR 1,850,000
In words: one million eight hundred fifty thousand Indian rupees
Dispatch by: Thursday, 5 June 2025
```

महिना अक्षरांत असला की क्रम कोणताही चालतो. वाराचा उपयोग आपली स्वतःची चूक पकडण्यासाठी होतो, कारण वार आणि तारीख जुळली नाही तर समोरचा विचारतोच. लाखांना दहाने भागले की मिलियन मिळतात, म्हणून १८.५ लाख म्हणजे १.८५ मिलियन, कोटींना मात्र दहाने गुणायचे. कोटीचे मिलियन करताना घाईत दहाने भागणारे मी पाहिले आहेत. आणि मिलियन हा शब्द पूर्ण लिहावा, कारण नुसते M काही हिशेबनीस हजारासाठी वापरतात.

संत्रेवाला: एक्सेलमध्ये लाखांचे स्वल्पविराम कसे आणायचे, हेच विचारले आहे ना? मी विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारत निवडले आणि ते आपोआप आले.

हिंगणावाली: नाही, मला नेमके उलटे हवे आहे, परदेशात जाणाऱ्या पत्रात ते यायला नकोत.

तक्तेबहाद्दर: पण या उत्तरावरून आठवले. अमेरिकेतून आलेली सीएसव्ही फाइल भारतीय सेटिंगच्या संगणकावर थेट उघडली, तर तिथला 05/06/2025, म्हणजे ६ मे, गुपचूप ५ जून होतो आणि 05/19/2025 हा नुसता मजकूर म्हणून राहतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. एकाच स्तंभात दोन्ही दिसले तर उजवीकडच्या तारखांवर अजिबात विश्वास ठेवू नये, मूळ फाइल आयात करताना महिना-दिवस-वर्ष हा क्रम सांगावा. तक्त्यांसाठी 2025-06-05 हीच लिखावट मला सर्वांत सुरक्षित वाटते.

रामदासपेठकर: मग ईमेलमध्येही तीच लिहावी की!

जुना_निर्यातदार: चालेल, पण खरेदी विभागातल्या माणसाला पत्रात "5 June" जास्त सहज वाचता येते.

वर्धा_रोड: आमचा ग्राहक जर्मन आहे. त्याने मागणीत 1.250 kg लिहिले होते. आमच्या नव्या मुलाने ते सव्वा किलो समजून नमुन्याचे पाकीट बांधायला घेतले. हवे होते साडेबाराशे किलो. तिकडे बिंदू हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो. मग तुमचे 1,850,000 त्यांना कसे दिसेल?

जुना_निर्यातदार: दोन स्वल्पविराम असल्यामुळे ते दशांश समजणार नाहीत. 1,250 मात्र त्यांना सव्वा वाटू शकते. वजन व मापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ मध्ये तीन-तीन अंकांच्या गटांत फक्त मोकळी जागा सोडावी, बिंदू किंवा स्वल्पविराम घालू नये, असे ठरवले आहे. मी तरीही चार अंकी संख्या काहीही न घालता 1250 लिहितो, कारण ईमेलमध्ये मोकळ्या जागेवर ओळ तुटते.

तक्तेबहाद्दर: न तुटणारी मोकळी जागा टाकता येते, पण तो आकडा एक्सेलमध्ये चिकटवला की बहुधा मजकूर होतो. मी स्वल्पविरामच ठेवतो.

हिंगणावाली: सर्वांचे आभार. दरपत्रकाचा नमुना बदलला आहे आणि गोदामाची तारीख खरेदीदाराकडून लेखी पक्की करून घेतली आहे. आता त्याने पुढची मागणी "Q1" मध्ये देऊ असे कळवले आहे. आमची पहिली तिमाही एप्रिल ते जून असते. त्याची जानेवारी ते मार्च असेल, की त्याच्या कंपनीचे वर्ष आणखी तिसऱ्याच महिन्यात सुरू होते? त्याला महिन्यांची नावेच विचारावीत ना?

वर्धा_रोड: विचाराच. आणि कोणत्या वर्षाची तिमाही, तेही.