मदत हवी आहे: स्टिकरवर पत्ते नीट बसत नाहीयेत, चार कागद वाया गेले

रेवा_सांगली
आमच्या संस्थेचा वार्षिक अंक सोमवारी पोस्टात टाकायचाय. 312 वर्गणीदार आहेत. पत्त्याचे स्टिकर छापतेय, पण पत्ते सरकतात. Top margin कमी-जास्त करून पाहिलं, काही उपयोग नाही. चार कागद फुकट गेलेत. कोणीतरी पटकन सांगा प्लीज.

मकरंद_पु
प्रिंटर कागद थोडा वर-खाली ओढतोच, माझ्याकडेही असंच व्हायचं. Top margin 3-4 मिमीने कमी करा, बसेल.

रेवा_सांगली
अहो, वरच लिहिलंय ना, केलंय ते!

डीटीपी_नाना
ताई, "सरकतात" म्हणजे कसे, त्यावर सगळं आहे. सगळे पत्ते सारखेच सरकतात, की वरून खाली जाताना चूक वाढत जाते? कागदावर स्टिकर किती? कशात बनवलंय? आणि छापताय कुठे?

रेवा_सांगली
24 चा कागद, 3 आडवे 8 उभे. पाकिटावर 64 x 34 मिमी लिहिलंय. वर्डमध्ये मेल मर्ज केलंय, यादी एक्सेलमध्ये. पहिली ओळ आता बरोबर येते, पण शेवटच्या ओळीत नाव वरच्या स्टिकरवर चढतं.

न्यूजर्सीकर
सोप्पं आहे. वर्डमध्ये लेबल निवडताना Avery 5160 घ्या. मी दर वर्षी दिवाळीची ग्रीटिंग त्यावरच पाठवतो, एक मिमीही हलत नाही.

डीटीपी_नाना
भाऊ, ते 5160 म्हणजे 30 लेबलांचं, तुमच्याकडच्या Letter कागदाचं. यांचा A4 आहे आणि 24 चा. ते निवडलं तर आणखी चार कागद जातील.
रेवाताई, मार्जिनला हात लावण्याआधी पहिल्या ओळीची काय गत होती, आठवतं का?

रेवा_सांगली
पहिली ओळ जरा खाली यायची. शेवटची वर. मधल्या दोन ओळी मात्र चोख होत्या, म्हणून तर डोकं फिरलं.

डीटीपी_नाना
मग तुमच्या फायलीत दोष नाही, छापताना पान आक्रसतंय. पान मध्याभोवती लहान झालं की मधलं जागेवर राहतं, वरचं खाली येतं, खालचं वर जातं. तुम्ही मार्जिन कमी करून पहिली ओळ जाग्यावर आणलीत, तर सगळी चूक आठव्या ओळीत जमा झाली.
आता पट्टी घ्या. वाया गेलेल्या कागदावर एकाच रकान्यात वरच्या पहिल्या पत्त्याच्या नावापासून खालच्या आठव्याच्या नावापर्यंत मोजा. दोन्ही नावं आपापल्या पत्त्याच्या पहिल्याच ओळीत असतील अशी बघा. सात घरं म्हणजे 7 x 34 = 238 मिमी यायला हवेत.

रेवा_सांगली
231.

डीटीपी_नाना
231 भागिले 238, म्हणजे साधारण 97 टक्के. कोण छापतंय हे अजून सांगितलं नाहीत.

रेवा_सांगली
घरी प्रिंटर नाही हो. पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करते. त्यात काय सांगायचं होतं?

डीटीपी_नाना
हेच तर सांगायचं होतं! तो पीडीएफ उघडून नुसतं Print दाबतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये तिथे Fit निवडलेलं असलं तर पान प्रिंटरच्या छापण्याजोग्या जागेत बसवायला लहान केलं जातं. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, स्टिकरवर मात्र 7 मिमी म्हणजे पत्त्याची अख्खी एक ओळ. शेजारी उभं राहून Actual size करायला लावा, कागद A4 आहे ना तेही बघा. Top margin परत 12.5 मिमी करा: 297 मधून 8 x 34 वजा केले की 25 उरतात, त्याचे निम्मे.
आणि आधी साध्या कागदावर छापा. तो स्टिकरच्या कागदावर ठेवून खिडकीला धरा, रेघा दिसतात. स्टिकरचा कागद शेवटी.

हिशेबनीस
या वर्डच्या भानगडीत पडायचंच कशाला? एक्सेलमध्येच रकाने आखा आणि छापा. माझे दीडशे सभासद दर महिन्याला असेच जातात.

डीटीपी_नाना
एक्सेलमधली रकान्याची रुंदी अक्षरांत असते, मिमीत नाही. फाँट बदलला, मशीन बदललं की सगळं हललं.

हिशेबनीस
Page Layout मध्ये सेंटिमीटर मिळतात, जरा बघा. सगळं जग वर्डवर चालत नाही.

डीटीपी_नाना
सेंटिमीटर मिळतात, पण दुसऱ्या प्रिंटरवर छापून मोजून दाखवा, मग बोलू.

सदूकाका
मी पोस्टात होतो. छापण्याआधी यादी पिनकोडप्रमाणे लावून घे बाळ. एका गावचे एका गठ्ठ्यात आले की काउंटरवरचा माणूस तुला आशीर्वाद देईल.

रेवा_सांगली
काका, ते आधीच केलंय 🙏
नाना, उभं जुळलं! 238 आले. पण आता तिसरा रकाना डावीकडे आलाय, 5 मिमी. मधला थोडा कमी. आणि काही पत्त्यांचे पिनकोडच गायब आहेत.

मकरंद_पु
Left margin वाढवा.

डीटीपी_नाना
नको! मार्जिनने तिन्ही रकाने एकदम सरकतील, पहिला बरोबर आहे तो बिघडेल. पहिला बरोबर, दुसरा 2.5 ने, तिसरा 5 ने चुकला, म्हणजे स्टिकरच्या मधली फट धरलेली नाही. Label Options मध्ये Horizontal pitch मध्ये काय लिहिलंत?

रेवा_सांगली
6.4 सेमी. स्टिकरची रुंदी.

डीटीपी_नाना
ती रुंदी झाली. Pitch म्हणजे एका स्टिकरच्या डाव्या कडेपासून पुढच्याच्या डाव्या कडेपर्यंत, फटीसकट. 6.65 करा, Side margin 0.65. उभ्या दिशेला तुमच्या कागदावर फट नसावी, म्हणून तिथे 3.4 चालून गेलं. तरी पट्टीने एकदा खात्री करा, कंपनीगणिक फरक असतो. माप बदललं की वर्ड टेबल नव्याने आखतं, तेव्हा पहिल्या घरात फील्ड परत घालून Update Labels दाबा. नाहीतर एकाच घरात पत्ता येईल आणि बाकीची कोरी.
पिनकोडचं वेगळं आहे. वर्ड लेबलच्या घराची उंची पक्की ठेवतं. 34 मिमी म्हणजे साधारण 96 पॉइंट, त्यात न मावणारा मजकूर गुपचूप कापला जातो. फाँट कोणता?

रेवा_सांगली
मंगल, 12.

डीटीपी_नाना
मंगलची ओळ उंच असते, वेलांट्या-उकारांना जागा ठेवलेली. 11 करा, Line spacing मध्ये Exactly 15 pt, Before-After शून्य. सहा ओळी 90 पॉइंटात बसतात. त्याहून कमी केलंत तर रफार वरच्या ओळीला टेकेल.

रेवा_सांगली
एका कागदावरचे सहा स्टिकर काढून वापरलेत, उरलेले 18 कोरे आहेत. तो परत घालू का?

डीटीपी_नाना
झेरॉक्सवाल्याचा लेसर असेल तर अजिबात नाही. उघड्या कडेवरून स्टिकर सुटून आतल्या तापलेल्या रोलरला चिकटला तर दुरुस्ती तुमच्या माथी.

हिशेबनीस
मी इंकजेटवर सर्रास घालतो. काही होत नाही.

रेवा_सांगली
झालं! 11 कागद छापले, 264 पत्ते चोख. उजवीकडे मिलिमीटरभर कमी-जास्त आहे, पण स्टिकरच्या आत. 48 राहिलेत. पंधराच कागद आणले होते, चार गेलेले. आता दुकान बंद.

सदूकाका
48 हाताने लिही. दोघं बसलात तर तासाभराचं काम. पिनकोड मात्र सुटा-सुटा आणि ठळक.