व्यवहार, भाषांतर, आर्थिक: चलनाच्या तीन जोखमींना मराठीत काय म्हणावं?

कपाशी
हिंगणघाट तालुक्यात आमच्या घरची लहानशी कंपनी आहे. जिनिंगवाल्यांकडून रुईच्या गाठी घेतो आणि बांगलादेशातल्या सूतगिरण्यांना डॉलरमध्ये विकतो. माझ्या दिरांनी दुबईत कंपनीची एक छोटी उपकंपनीही काढली आहे. कर्जमर्यादा वाढवून मागितली तेव्हा बँकेने ट्रान्झॅक्शन, ट्रान्सलेशन आणि इकॉनॉमिक एक्स्पोजर वेगवेगळं लिहून मागितलं. सही मामंजींची लागते आणि न समजलेल्या कागदावर ते सही करत नाहीत. मी व्यवहार जोखीम, भाषांतर जोखीम, आर्थिक जोखीम असं लिहून नेलं. ते म्हणाले, "पैशाची जोखीम आर्थिकच असते, मग पहिल्या दोन कशाच्या?" मला उत्तर देता आलं नाही.

शब्दवेडा
भाषांतर बरोबरच आहे की. करारपत्र इंग्रजीत असतं, एखादं कलम चुकीचं समजलं तर नुकसान होतंच. माझ्या भावाच्या शेतजमिनीच्या कागदात एका शब्दाने दोन वर्षं घालवली.

जमाखर्च
भाऊ, इथे भाषेचा संबंध नाही. दुबईच्या वह्या दिरहममध्ये असतात, त्या वर्षअखेरीला रुपयात मांडायच्या, त्याला ट्रान्सलेशन म्हणतात. भाषांतरापेक्षा 'रूपांतर' बरा.

ताई, आधी एक्स्पोजर आणि रिस्क वेगळे करा. कापसाची गंजी उघड्यावर आहे. किती क्विंटल उघड्यावर आहे ते एक्स्पोजर आणि पाऊस येईल ही रिस्क. बँक तुम्हाला गंजीचं माप विचारते आहे.

आता तुमचाच सौदा घेऊ, आकडे समजायला सोपे धरतो. 500 गाठी, 170 किलोची एक, पौंडाला 80 सेंट, म्हणजे साधारण दीड लाख डॉलर. फेब्रुवारीत बिल केलं तेव्हा डॉलर 86.50 होता, 90 दिवसांनी पैसे आले तेव्हा 84.50. बिलाच्या दिवशी 1,29,75,000 दिसत होते, हातात आले 1,26,75,000. गाठीमागे 600 रुपये गेले आणि कापसाच्या भावाचा त्यात काहीही दोष नाही. ही व्यवहाराची जोखीम.

वणीकर
मंग 31 मार्चले सीए त्याच बिलावर फरक टाकते, थे ट्रान्सलेशन झालं ना? पैसे तं आलेच नसते तवा. आमच्याकडं हेच सांगतेत.

जमाखर्च
वणीकर, तुमचं अर्धं खरं आहे आणि गफलत नेमकी इथेच होते. 31 मार्चला डॉलर 85.50 असेल तर येणं 1,28,25,000 वर आणून दीड लाखाचा तोटा नफा-तोटा पत्रकात टाकावाच लागतो. पण पैसे आले की तो तोटा खराच ठरतो, उरलेला दीड लाख पुढच्या वर्षात पडतो. म्हणजे एकाच व्यवहाराचा तोटा दोन वर्षांत वाटला गेला, जोखीम व्यवहाराचीच राहिली.

रूपांतराचं उदाहरण ताईंच्या दुबईत आहे. तिथे कंपनीची निव्वळ मालमत्ता 4 लाख दिरहम धरा. गेल्या 31 मार्चला दिरहम 22.70 ला होता आणि यंदा 23.30 ला, तर रुपयात ती 2,40,000 ने वाढली. दुबईत एक दिरहमही जास्त आला नाही. ही वाढ नफ्यात जात नाही, भांडवलाच्या बाजूला चलन-रूपांतर राखीव म्हणून पडून राहते. दुबईची कंपनी विकली किंवा बंद केली तरच नफा-तोट्यात येते.

कपाशी
दुबईचं ऑफिस स्वतः काही विकत नाही. आमचेच कागद करतं, खर्चही इथूनच जातो. तरीही राखीवात?

जमाखर्च
मग थांबा. आपल्या लेखा मानक 11 मध्ये परदेशातला पसारा मूळ धंद्याचाच हात आहे की स्वतंत्र चालणारा, हे आधी पाहतात. हात असेल तर फरक सरळ नफा-तोट्यात. तुमचं वर्णन हाताकडे झुकतं, पण दुबईतून इतर कुणाला माल विकला जातो का, तिथे कर्ज काढलंय का, हे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. तुमच्या सीएंसोबत बसून ठरवा.

वणीकर
आमचं बरं हाय बाप्पा. रुई इथच्याच गिरणीले इकतो, बिल रुपयात. डॉलर वर जावो का खाली, आपल्याले काही घेणंदेणं नाई.

जमाखर्च
तुमच्या वहीत डॉलर नाही, एवढंच खरं. बांगलादेशची गिरणी आपल्याकडून घेते तशी ब्राझीलकडूनही घेते. रुपया-डॉलर जागेवर राहिला आणि ब्राझीलचं रियाल घसरलं, तर तिथला व्यापारी डॉलरमध्ये भाव उतरवूनही घरी पूर्वीइतकेच पैसे नेतो. ताईंचा पुढचा सौदा हुकतो. न गेलेल्या गाठी देशातल्या बाजारात येतात आणि तुमच्या गिरणीवाल्याला स्वस्त मिळतात. तुमचा भाव पडतो, पण कारण कुठल्याच बिलावर दिसत नाही. ही तिसरी जोखीम.

आंबियाबहार
आमच्या वरुडच्या संत्र्याचं हेच झालं. बांगलादेशात माल जायचा बंद झाल्यासारखा झाला. पण ते तर आयात शुल्कामुळे. त्याला चलनाची जोखीम कशी म्हणता?

जमाखर्च
शुल्काला म्हणत नाही. ते तिथल्या सरकारने वाढवत नेलं, तो वेगळा मार. पण बांगलादेशचं चलन, टका, तेही पाहा. 2022 च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे 86 टका होते, 2024 अखेर 120 च्या आसपास. त्या काळात रुपयाही घसरला, पण बराच कमी. म्हणजे तुम्ही रुपयात भाव तोच ठेवला तरी ढाक्याच्या गिऱ्हाइकाला संत्रं महागच पडणार.

आंबियाबहार
मग माझ्या तोट्यातला किती शुल्काचा आणि किती टक्याचा?

जमाखर्च
ते मला वेगळं काढता येणार नाही. शुल्क आणि टका दोन्ही एकाच वेळी हलत होते, आणि त्या बहाराला फळ कसं होतं हेही धरावं लागेल.

शब्दवेडा
आता कळलं. भाषांतर मी मागे घेतो. पण 'आर्थिक' हा शब्दही अडचणीचा आहे. फायनान्शियल आणि इकॉनॉमिक, दोन्हीला आपण आर्थिकच म्हणतो, म्हणून ताईंचे मामंजी अडले. 'स्पर्धेची जोखीम' म्हणावं का?

जमाखर्च
स्पर्धा हा त्यातला मोठा भाग आहे, सगळा नाही. गिऱ्हाइकाचंच चलन घसरून त्याने खरेदी कमी केली तर त्यात स्पर्धक नसतो. मी पक्षकारांना 'पुढच्या धंद्याची जोखीम' म्हणून सांगतो. छापील शब्द म्हणून तो बरा वाटत नाही, हे मान्य.

कपाशी
मामंजींना वाचून दाखवलं. गंजी आणि पाऊस लगेच पटलं. आमचे आकडेही तुमच्या उदाहरणाइतकेच आहेत, म्हणून कागदावर असं लिहिते: व्यवहारात उघडं, दीड लाख डॉलर, रूपांतरात उघडं, 4 लाख दिरहम, सीएंचं मत आल्यावर दुरुस्त करू, पुढच्या धंद्यात उघडं, आकडा न देता ब्राझील आणि टक्याबद्दल चार ओळी.

जमाखर्च
तिसऱ्याला आकडा न देणंच प्रामाणिक आहे. बँक अडली तर रुपया 5 टक्के महाग झाला तर किती गाठींचे सौदे हुकतील, एवढा अंदाज द्या. पहिला आकडा मात्र अपुरा वाटतो. करारावर सही झाली पण माल अजून निघाला नाही, असं काही आहे? ते वहीत येत नाही, पण भाव डॉलरमध्ये ठरला त्या दिवसापासून उघड्यावर असतं.

कपाशी
आहे. 300 गाठी, 90 हजार डॉलर. आणि दीड लाखाच्या बिलातले एक लाख डॉलर आम्ही पुढच्या तारखेचा दर आधीच ठरवून बँकेत फॉरवर्ड करून ठेवलेत.

जमाखर्च
मग 2,40,000 मधून ते एक लाख वजा करा. 1,40,000 डॉलर उघडे, म्हणजे डॉलर एक रुपयाने उतरला की 1,40,000 रुपये जातात. फॉरवर्डची तारीख मात्र तपासा. गिऱ्हाइकाचे पैसे लांबले तरी बँकेला त्या तारखेला डॉलर द्यायचेच असतात. नसले तर सौदा रद्द करा किंवा पुढे ढकला, दर फिरला असेल तर फरक तुमच्या खिशातून. 2022 नंतर बांगलादेशात डॉलरची टंचाई होती तेव्हा तिथल्या बँकांकडून पैसे उशिरा येत होते.

कपाशी
तारीख 20 आहे. गिऱ्हाइकाने कालच पंधरा दिवस वाढवून मागितलेत. उद्या सकाळीच बँकेत जाते.