मदत हवी आहे: नवऱ्याला हे पत्र द्यावं का?

आम्ही मिरजेत राहतो. मिस्टर कारखान्यात स्टोअरला आहेत, मी घरी शिवणकाम करते. गृहकर्जाच्या कामासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढलं, तेव्हा कळलं. रात्री अकरानंतर ५००, १०००, २००० असे पैसे गेलेत, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर. त्यांच्या फोनमध्ये बेटिंगची दोन अ‍ॅप लपवलेली सापडली, टेलिग्रामवरच्या लिंकवरून घेतलेली. समोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि ते उठून जातात. म्हणून पत्र लिहिलंय. काय बदलू ते सांगा.

"अहो,

मला सगळं कळलंय. सहा महिन्यांत १,८६,००० गेले आणि ४१,००० परत आले. त्याआधीचं मी विचारत नाही, तुम्हीच सांगा.

आपला हिशेब मांडते. तुमचे ५२,००० आणि माझे साधारण ९,०००. त्यातून घराचा हप्ता १७,५००, किराणा-दूध-भाजी १५,०००, पिंट्याची शाळा आणि रिक्षा ६,०००, आईंची औषधं ३,५००, वीज-गॅस-पेट्रोल-फोन ६,००० आणि विमा ३,०००. उरतात १०,०००. तुमच्या पर्सनल लोनचा हप्ता ८,५०० आहे, तो गेला की १,५००. आणि क्रेडिट कार्डावर ९०,००० थकलेत. त्याचं नुसतं व्याजच महिन्याला ३,१५० होतं. म्हणजे आजपासून तुम्ही एक रुपया लावला नाहीत तरी दर महिन्याला आपण खाली जातोय.

परवा तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होता, की अ‍ॅपमध्ये २२,००० अडकलेत, ५,००० भरले की सुटतील. ते ५,००० भरू नका. पिंट्याच्या फीचे आहेत ते.

माझ्या पाटल्या बँकेत ठेवून कार्ड फेडूया. पण मला पुन्हा खोटं सांगू नका. आईंना मी अजून काही बोललेले नाही.

तुमचीच"

कृष्णाकाठ: ताई, २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आलाय, पैसे लावून खेळायच्या सगळ्या अ‍ॅपवर बंदी आहे. पत्रात लिहा की पोलीस धरून नेतील. भीतीनं सुटेल.

जुना_खातेदार: बंदी आहे हे खरं, पण त्यात शिक्षा अ‍ॅप चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. खोटी भीती घातलीत आणि त्यांना ते कळलं, तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास जाईल.

मी बँकेत तीस वर्षं काढली. वेगवेगळी नावं दिसतात कारण हे लोक भाड्यानं घेतलेल्या खात्यांवर पैसे घेतात. परत आलेले ४१,००० पण अशाच खात्यांतून आले असणार. त्यातल्या एखाद्या खात्यावर सायबर तक्रार झाली, तर साखळीतलं तुमचं पगाराचं खातंही गोठू शकतं. हे मात्र पत्रात लिहा, कारण हप्ता त्याच खात्यातून जातो. २२,००० चा नाद सोडा. तो स्क्रीनवरचा आकडा आहे. ५,००० भरले की आणखी काहीतरी मागतील.

आणि पाटल्यांचं वाक्य आज काढा. सोन्यावरचं कर्ज कार्डापेक्षा खूप स्वस्त पडतं, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण कार्ड रिकामं झालं की त्यावर ९०,००० ची उधारी पुन्हा मोकळी होते. मी अशी घरं पाहिलीत जिथं सोनंही गेलं आणि कार्डही परत भरलं. आधी कार्डावरचे व्यवहार बँकेला सांगून बंद करा. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय काढा, वेगळ्या खात्यात त्यांच्या खर्चाला आठवड्याचे पैसे टाका. दोन-तीन महिने स्टेटमेंट स्वच्छ दिसलं की मग पाटल्या.

रानजाई: माझ्या भावाचं असंच झालं. वहिनीनं सरळ माहेर गाठलं. तुम्हीही घटस्फोटाचा विचार करा, नाहीतर त्याचं कर्ज तुमच्या गळ्यात येईल.

मूळ धागाकर्ती: मला सोडून जायचं नाहीये, ताई. पण कर्ज खरंच माझ्यावर येतं का?

जुना_खातेदार: पर्सनल लोनवर किंवा कार्डावर तुमची सही नसेल तर नाही. गृहकर्जात सहकर्जदार असाल तर तो हप्ता तुमचाही. तुमच्या दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतात. लोन अ‍ॅपचं लपलेलं कर्ज त्यात बहुतेक दिसतं, मित्रांकडची उसनवारी दिसत नाही. ती त्यांनीच सांगायला हवी.

सांजवात: १४४१६ वर फोन करून बघा, टेलिमानस. सरकारी आहे, मराठीत बोलतात, फुकट. मी नवऱ्याच्या दारूसाठी केला होता. पहिल्यांदा मी एकटीच बोलले, ते महिन्यानं बोलले. सासूबाईंना मात्र सांगाच, नाहीतर ते त्यांच्याकडून पैसे मागतील.

कृष्णाकाठ: सासूबाईंना नको. बाईमाणूस, बीपी वाढेल.

मूळ धागाकर्ती: गृहकर्जावर माझी सही आहे. पाटल्यांचं वाक्य खोडलं, खात्याचं घातलं. आईंच्या पेन्शनचं एटीएम कार्ड यांच्याच पाकिटात असतं, हे आत्ता लक्षात आलं. आईंना काय सांगायचं ते अजून ठरत नाही, पण उद्या आधी त्यांचं पासबुक भरून आणते. पत्र त्यानंतर देईन, रविवारी, पिंट्या क्लासला गेला की.