मदत हवी आहे : एल ब्रॅकेटचा स्ट्रेस मेश बारीक केला की वाढतच जातो, खरा आकडा कोणता धरायचा?

नवा_डिझायनर (भोसरी)
८ मिमी जाडीची, ६० मिमी रुंद ई२५० पट्टी, काटकोनात वाकवलेली. उभी बाजू दोन एम१० बोल्टांनी शेडच्या खांबाला, आडवी बाजू तळाशी, आतून १०० मिमी लांब. आडव्या बाजूवर आतल्या कोपऱ्यापासून ८० मिमीवर हवेच्या पाइपचा क्लॅम्प बसतो, भार १००० न्यूटन खाली. उभ्या बाजूची पूर्ण पाठ `Fixed` केली आहे, १००० न्यूटन आडव्या बाजूच्या पूर्ण वरच्या पृष्ठभागावर दिले आहेत. आतला कोपरा शार्प आहे. निकाल असे:

मेश ५ मिमी : ९६ एमपीए
२.५ मिमी : १३०
१.२५ मिमी : १७७
०.६ मिमी : २४३

डिस्प्लेसमेंट मात्र चारही वेळा ०.२६ मिमीच. रिपोर्टमध्ये काय लिहू?

पट्टीवाला
२.५ मिमीचा १३० लिहा आणि मोकळे व्हा. शार्प कोपऱ्यात असं होतंच, तिथला लाल ठिपका सोडून द्यायचा असतो. पाठ फिक्स करू नका मात्र, बोल्टच्या भोकांचा आतला गोल फिक्स करा.

अण्णा_चिंचवड
ठिपका खोटा आहे हे बरोबर. पण १३० तरी खरा कशावरून? मेश अर्धी केली की आकडा दर वेळी साधारण १.३५ पट होतोय. आत वळलेल्या काटकोनी शार्प कोपऱ्याची हीच खूण. आणखी बारीक करा, आणखी वाढेल. तिथे थांबायला आकडाच नाही. आणि इथला कोपरा सोडूनही देता येत नाही, कारण पट्टी मोडली तर तिथेच मोडणार. प्रेसवर वाकवलेल्या ८ मिमी पट्टीला आतून साधारण ८ मिमी रेडियस येतोच. तो मॉडेलमध्ये घ्या, बाहेरून १६.

पण त्याआधी भार बघा. पूर्ण पृष्ठभागावर पसरलेल्या १००० न्यूटनचा मध्य ५० मिमीवर येतो. क्लॅम्प आहे ८० वर. म्हणजे मोमेंट ८०,००० न्यूटन-मिमी हवा तिथे तुम्ही ५०,००० च दिलाय. मेश कितीही सुधारली तरी ही चूक दिसणार नाही. क्लॅम्पच्या बुडाएवढा तुकडा `Split Line` ने वेगळा करून फक्त त्यावर भार द्या.

हातानं काढलं तर सरळ पट्टीचा स्ट्रेस १२५ येतो. वाकात आतल्या बाजूला तो साधारण १.३ पट होतो आणि उभ्या बाजूकडे सरकताना मोमेंटही थोडा वाढतो. म्हणून १७० च्या आसपास उत्तर यायला हवं.

वेल्डिंग_कट्टा
आमच्याकडे असाच ब्रॅकेट दोन पट्ट्या वेल्ड करून होतो, वर गसेटही आहे. मग वेल्डच्या कडेला किती रेडियस द्यायचा?

अण्णा_चिंचवड
तो प्रश्न वेगळा. वेल्डच्या कडेला, म्हणजे टोला, ठरावीक रेडियस नसतो. तिथे टोपासून जाडीच्या ०.४ आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस घेऊन टोपर्यंत रेषा वाढवतात. ८ मिमीला ३.२ आणि ८ मिमी. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

मूळ प्रश्नाकडे. पाठ पूर्ण फिक्स केली की खांब पट्टीला वरूनही ओढून धरतो, जे प्रत्यक्षात होत नाही. नुसतं भोक फिक्स केलं तर उलटं: पट्टीची टाच खांबात घुसते, आणि सॉफ्टवेअर हू की चू करत नाही. बोल्टभोवती वॉशरएवढी २० मिमीची रिंग फिक्स करा, आणि पाठीला फक्त दाबाचा आधार द्या. `Compression Only Support` किंवा `Virtual Wall`. साधा `Roller/Slider` नको, तो दोन्हीकडून धरतो. दाबाचा आधार नसेल तर वाक संपतो तिथली ५ मिमी उंच पट्टी फक्त लंब दिशेनं अडवा आणि रिअॅक्शन ढकलतेय ना ते तपासा.

मेश वाकातच बारीक करा, बाकी ४ मिमी चालेल. जाडीत सेकंड ऑर्डरचे निदान दोन एलिमेंट.

नवा_डिझायनर (भोसरी)
केलं. वाकात ३ मिमीला १५४, १.५ ला १६६, ०.७५ ला १७१. डिस्प्लेसमेंट मात्र बरंच वाढलं. बोल्ट ५० मिमी उंचीवर आहेत, दोघांची मिळून ओढ चार हजार न्यूटनजवळ दाखवतंय. हातानं, पट्टीची जाडी धरून खांबापासून ८८ मिमी घेतले, तर ८८,००० भागिले ५०, म्हणजे १७६० येत होती.

अण्णा_चिंचवड
शेवटच्या दोन मेशमध्ये ३ टक्के फरक, तिथे थांबा. २५० च्या यील्डला साधारण १.४५ सेफ्टी फॅक्टर उरतो.

ओढीत तुमचा ५० चुकला. रेडियस आल्यावर टाच तळाशी टेकतच नाही, १६ मिमी वर टेकते. उरले ३४, म्हणजे सुमारे २६००. वरची वाढ रिंग घट्ट फिक्स असल्यामुळे. ती पट्टीला तिथे फिरू देत नाही. एका बोल्टला दोन हजार आले तरी ८.८ च्या एम१० ला चिंता नाही.

पट्टीवाला
मग रिंगच्या कडेला आता जो लाल ठिपका आलाय, तोही सोडायचाच ना?

अण्णा_चिंचवड
ठिपका हो, फिक्सच्या कडेमुळे आहे. पण भोकांमधून पट्टीचा छेद कमी होतो, तो हातानं तपासल्याशिवाय नाही. बोल्ट आवळल्याचा ताण मॉडेलमध्ये घ्यावा का, यावर मी अजून ठाम नाही. स्थिर भारात नको म्हणेन.

पट्टीवाला
पाइपला कॉम्प्रेसरचं कंपन आहे. मी तर घेईन.

नवा_डिझायनर (भोसरी)
कंपन किती ते साइटवर मोजलेलं नाही. मोजून इथेच टाकतो.